धागा: गुळव्यांची स्क्रिप्ट दोन मिनिटांची झालीय, जागा दीड मिनिटाची. शब्द कुठले काढायचे?

रंकाळ्याचा वारा
मंडळी, एका गुऱ्हाळावर पस्तीस वर्षं गुळव्या असलेल्या काकांचा व्हिडिओ करतोय. प्रदर्शनात स्क्रीनवर एकापाठोपाठ एक व्हिडिओ फिरणार आहेत आणि प्रत्येकाला बरोबर ९० सेकंद आहेत. एक्याण्णवाव्या सेकंदाला पुढच्याचा सुरू होतो, मग आपल्या माणसाचं वाक्य पुरं झालेलं असो वा नसो. त्यातले पहिले ३ सेकंद नावाची पाटी आणि शेवटचे ५ सेकंद पत्ता, म्हणजे बोलायला उरले ८२.

काकांशी आधी निवांत गप्पा मारल्या, त्या रेकॉर्ड केल्या आणि त्यातून स्क्रिप्ट लिहिली. २४३ शब्द झाले. काकांकडून वाचून घेतली तर २ मिनिटं ४ सेकंद. मी कापायला बसलो की मजकूर मावतो, पण ऐकताना काका बोलतायत असं वाटत नाही, कुणीतरी पत्रक वाचतंय असं वाटतं. एक तुकडा जसाच्या तसा देतो:

"आता हा रस काहिलीत आला, की त्याला जाळ लावायचा. सुरुवातीला आम्ही जाळ मोठा ठेवत नाही. रस कोमट झाला की त्यामध्ये भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकण्यात येतो. हे जे भेंडीचं पाणी असतंय न्हवं, त्याच्यामुळं काय हुतंय बघा, रसामध्ये असलेली जी काही सगळी घाण आहे ती मळी होऊन वर येते. ती मळी आम्ही झाऱ्यानं काढून टाकतो. मळी चांगली निघाली तरच गुळाला रंग येतोय. मळी राहिली, की गूळ काळा पडलाच म्हणून समजा."

हे ६९ शब्द आहेत. तुम्ही यातलं काय काढाल?

टाइमलाइन भाऊ
भावा, शब्दाला हात कशाला लावतोस? आहे तसं बोलू दे. एडिटमध्ये दोन वाक्यांमधल्या गॅप काढ, वर १.१ स्पीड टाक. कुणाच्या लक्षातही येत नाही. "बघा", "न्हवं", "काय हुतंय" हे तर आधीच उडव, भरतीचे शब्द आहेत.

उपशीर्षकवाली
ओळीत जास्त अक्षरं बसत नसतील तर दोन ओळी करा आणि वाक्य क्रियापदाच्या आधी तोडू नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे पहिली ओळ अर्धवट वाटते.

रंकाळ्याचा वारा
ताई, प्रश्न सबटायटलचा नाही, काकांनी तोंडानं बोलायच्या मजकुराचा आहे. पण हे सबटायटल करताना कामाला येईल, लिहून ठेवतो.

कातरीवाली
आधी स्पीडचा हिशोब करू. १२४ सेकंदांना १.१ नं भागलं तर ११३ उरतात. हवेत ८२. तिथवर जायला दीडपट स्पीड लागेल आणि दीडपटीत काकांच्या "झाऱ्यानं" मधला झ आणि ऱ्या एकमेकांत मिसळून जातील. तेव्हा शब्द काढावेच लागणार. किती, ते काकांच्याच वेगावरून काढायचं. १२४ सेकंदांत २४३ शब्द म्हणजे मिनिटाला साधारण ११८. त्या वेगानं ८२ सेकंदांत १६१ शब्द बसतात. म्हणजे ८२ शब्द काढायचेत, जवळजवळ तिसरा हिस्सा. इतकं काढायचं असेल तर एकेक शब्द टिपत बसू नकोस. तसं केलं की सगळी वाक्यं राहतात पण प्रत्येक वाक्य अंगानं वाळतं, आणि तुला जे पत्रकासारखं वाटतंय ते त्यामुळेच.

आधी अख्खी वाक्यं जातात का बघ. तुझ्या तुकड्यातलं पहिलं वाक्य चित्रात दिसणार आहे: रस काहिलीत पडतोय, खाली चुलवाणात जाळ आहे. जे डोळ्यांना दिसतं ते काकांनी सांगायला नको.

मग जे काकांचं नाहीच ते काढ. "टाकण्यात येतो", "त्यामध्ये", "रसामध्ये असलेली जी काही" हे काका बोलले नसणार. गप्पांवरून उतरवून घेताना ते तुझ्या हातून आलंय. शाळेत निबंध लिहून लिहून आपल्या सगळ्यांच्या हाताला ती सवय असते. खूण सांगते: एकाच वाक्यात "येते" आणि "हुतंय" शेजारी बसलेत. जो माणूस "हुतंय" म्हणतो तो "येतीय" म्हणतो, "येते" म्हणत नाही. मूळ रेकॉर्डिंग काढ आणि ते वाक्य ऐकून बघ.

माझ्या हातून हा तुकडा असा होईल:

"रस कोमट झाला, की भेंडीचं पाणी टाकायचं. त्याच्यामुळं काय हुतंय बघा, सगळी घाण मळी होऊन वर येतीय. ती झाऱ्यानं काढायची. मळी चांगली निघाली तरच गुळाला रंग येतोय. राहिली, की गूळ काळा पडलाच म्हणून समजा."

हे ३४ शब्द. पस्तीस गेले, आणि त्यात काकांचा स्वतःचा शब्द म्हणावा असा एखाददुसराच गेला असेल.

"काय हुतंय बघा" मी मुद्दाम ठेवलंय, भाऊ. स्टॉपवॉच लावून बघा, हे तीन शब्द एका झटक्यात जातात, सेकंदही लागत नाही. तेवढ्यात ऐकणाऱ्याला कळतं की आता कारण येणार आहे. भरतीचा शब्द ओळखायचा कसा? माणूस पुढचा शब्द शोधताना जो शब्द तोंडात घोळवतो तो भरतीचा. वळणावर येतो तो कामाचा. "असतंय न्हवं" इथे पहिल्या जातीचं होतं, म्हणून गेलं.

टाइमलाइन भाऊ
ताई, हिशोब पटला. पण मग "पडलाच" मधला च, "तरच" मधला च हे का ठेवलंत? तेवढंच वाचलं असतं.

कातरीवाली
काहीच वाचलं नसतं. "पडला" आणि "पडलाच" म्हणायला लागणाऱ्या वेळेतला फरक मोजतासुद्धा येणार नाही, पण च काढला की पस्तीस वर्षांची खात्री त्या वाक्यातून जाते. च, बी, तर, की, ना, बघा हे सगळे लहान आणि पळते शब्द. वेळ खातात ते लांब शब्द. "वर्षांपासून", "त्याचप्रमाणे", "साच्यांमध्ये" यांना तोंड पुरं उघडून बोलावं लागतं. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे नुसती शब्दसंख्या फसवते. एक शब्द दोन अक्षरांचा असतो, दुसरा सातांचा. कापताना नजर लांब शब्दांवर ठेवायची.

शिरोळकर
ताई, कातर झकास चालवलीत, पण एक वाक्य चुकीचं गेलं. "जाळ मोठा ठेवत नाही" हे चित्रात दिसत नाही. जाळ दिसतो, पण तो मुद्दाम बारीक ठेवलाय हे बघणाऱ्याला कसं कळणार? आणि खरी मेख तिथंच आहे. मळी वर गोळा व्हायच्या आधी रसाला उकळी फुटली, तर उकळीबरोबर ती परत रसात मिसळते. मग भेंडी कितीबी घाला, निघत नाही. हे वाक्य काढून नुसती भेंडी ठेवली, तर गुऱ्हाळवाला माणूस बघून म्हणेल की सांगणाऱ्याला काम माहीत नाही. नाव काकांचं जाईल.

कातरीवाली
बरोबर सांगितलंत दादा, ती माझी चूक. जाळ दिसतो म्हणून त्याचं मापही दिसतं असं धरून चालले. ते परत घालू, पण नकारानं नको. "सुरुवातीला आम्ही जाळ मोठा ठेवत नाही" याला सहा शब्द लागतात, "जाळ बारीक ठेवायचा" याला तीन. वारा, काका बारीक म्हणतात की कमी म्हणतात ते रेकॉर्डिंगमध्ये बघ आणि त्यांचाच शब्द घे.

म्हणजे हा तुकडा ३७ शब्दांचा, आणि एकूण २४३ वरून २११ वर आलास. अजून ५० काढायचेत.

रंकाळ्याचा वारा
काका "बारीक"च म्हणतात, आत्ताच ऐकलं. आणि "येतीय" पण तुम्ही म्हणालात तसंच निघालं. उरलेल्यातले मला जड वाटणारे तुकडे देतो.

सुरुवात: "नमस्कार. मी या ठिकाणी गेल्या पस्तीस वर्षांपासून गुळव्या म्हणून काम करत आहे. माझ्या वडिलांकडून मी हे काम शिकलो. त्या अगोदर मी चुलवाणाला जाळ घालण्याचं काम करत होतो."

मधे: "कोल्हापुरी गुळाला दोन हजार चौदा साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि त्यामुळे आपल्या गुळाची ओळख देशभर पोहोचली आहे."

शेवटाकडे: "त्यानंतर हा तयार झालेला पाक आम्ही वाफ्यामध्ये ओततो आणि तो थंड होईपर्यंत घोटत राहतो आणि मग तो साच्यांमध्ये भरला जातो."

आणि हा एक तुकडा मला कापवत नाही, पण कापायला पाहिजे का ते सांगा: "पाक झाला का नाही ते थंड पाण्यात कळतंय. थेंब सोडायचा पाण्यात, बोटानं गोळी करून बघायची. मऊ लागली, अजून वेळ हाय. कडक झाली, उतरवा काहील."

पंचगंगा काठ
शेवटचा तुकडा सहज आटोपता येतो की: "थंड पाण्यात थेंब सोडून, बोटानं गोळी करून, ती कडक झाल्याचं बघून काहील उतरवायची." चोवीसचे तेरा झाले. मराठीत "ऊन" लावलं की दोन वाक्यांचं एक होतं.

कातरीवाली
"ऊन" हे आपल्या भाषेतलं कापायचं सगळ्यात चांगलं हत्यार आहे, यात शंका नाही. बोलण्यातही ते सहज येतं. पण एका वाक्यात एकदाच. तुमच्या वाक्यात सोडून, करून, बघून असे तीन लागलेत, आणि ती पाककृतीच्या पुस्तकातली ओळ झाली. बोलणाऱ्याला मधे श्वास घ्यायला जागा नाही. ऐकणाऱ्यालाही शेवटच्या क्रियापदापर्यंत कळत नाही की नेमकं करायचं काय आहे.

काकांच्या तुकड्याची घडण नीट बघा. "थेंब सोडायचा पाण्यात." पाणी क्रियापदाच्या नंतर आलंय. लिहिताना आपण "पाण्यात थेंब सोडायचा" लिहू, आणि कापताना हात आपोआप ते सरळ करतो. सरळ केलं की बोलणं गेलं. शब्द तेवढेच राहतात, म्हणजे वेळ काही वाचत नाही आणि आवाज मात्र फुकट जातो. "मऊ लागली, अजून वेळ हाय" यात "तर" नाही, "जर" नाही. काकांनी ते आधीच कापून दिलंय. या तुकड्याला हात लावू नकोस. उलट गोळी बोटात असताना एखादा सेकंद शांत जाऊ दे, बघणाऱ्याची नजर त्या बोटांवर जाईल.

त्याची भरपाई बाकीच्या तीन ठिकाणांहून कर.

सुरुवात: नाव पाटीवर आहे, नमस्कार नको. "पस्तीस वर्षं झाली काहिलीवर. आधी जाळ घालत हुतो." हे आठ शब्द, एकोणीस वाचले. वडिलांचा उल्लेख जातोय, मला ते आवडलेलं नाही, पण त्याला पुढे कुठेही धागा नाही.

मानांकन: हे काकांचं वाक्य नाही हे तुलाही माहीत आहे. बहुतेक कुणीतरी "हेही घ्या" म्हणून सांगितलं असणार. माहिती खरी आहे, पण ती शेवटच्या पाटीवर पत्त्याच्या वर छाप: "भौगोलिक मानांकन, २०१४". पाच सेकंदांत आरामात वाचून होतं. अठरा शब्द गेले, आणि ते सगळ्यात जड अठरा होते.

वाफा: "मग वाफ्यात ओतून घोटायचा, साच्यात भरायचा." वीसचे सहा. इथे "ऊन" एकदाच आलंय बघ. "भरला जातो" हे तर कुणीच बोलत नाही.

एकोणीस, अठरा आणि चौदा मिळून एक्कावन्न. म्हणजे तू १६० वर आलास. आता कागद काकांना दे आणि घड्याळ लाव. तू स्वतः वाचून मोजू नकोस. लिहिणारा नेहमी घाईनं वाचतो, कारण पुढचं त्याला पाठ असतं.

दूधगंगा
मधेच विचारते, माझंही असंच अडलंय. दूध संस्थेसाठी जनावरांच्या डॉक्टरांचा ६० सेकंदांचा व्हिडिओ आहे, विषय कासदाह. डॉक्टर शुद्ध मराठीत बोलतात, "धार काढल्यानंतर किमान अर्धा तास जनावरास बसू देऊ नये" असं. हे गावाकडच्या बोलीत करून घेतलं तर छोटंही होईल आणि लोकांना जवळचंही वाटेल ना?

कातरीवाली
ताई, डॉक्टर जर रोज तसंच बोलत असतील तर तोच त्यांचा आवाज. त्यांच्या तोंडी "बसू देऊ नगासा" घातलं तर ते नाटकातलं वाटेल आणि ते स्वतःही अडखळतील. त्यांच्याच भाषेत कापा. "पशुपालक बंधू-भगिनींनो", "या रोगाच्या बाबतीत सांगायचं झालं तर" अशी सुरुवात असेल तर ती काढा. "अर्धा तास" हे माप मात्र ठेवा, आणि कारणही ठेवा: धार काढल्यावर सडाचं तोंड लगेच मिटत नाही आणि जनावर बसलं की जमिनीवरची घाण आत जाते. कारण कापलं तर लोक माप विसरतात. सगळं मावत नसेल तर दुसरा एखादा सल्ला अख्खा काढून पुढच्या व्हिडिओसाठी ठेवा.

दूधगंगा
"बंधू-भगिनींनो" खरंच आहे त्यात. काढते.

पंचगंगा काठ
मला मुळात एक वेगळंच म्हणायचंय. काकांना कागद द्यायचाच कशाला? ज्याला वाचायची सवय नाही त्याच्या हातात कागद दिला की डोळे खाली जातात आणि सूर शाळेतल्या धड्याचा लागतो. चार शब्द सांगा: जाळ, भेंडी, गोळी, वाफा. त्यावर बोलू द्या आणि हवं तेवढं घ्या.

कातरीवाली
वेळ मोकळा असेल तर मीही तसंच करते. पण ८२ सेकंदांचं बंधन असलं की मोकळं बोलणं एकदा ७० वर येतं आणि पुढच्या वेळी ११०. मग ते एडिटमध्ये जोडावं लागतं आणि काहिलीचा धूर एका कटला डावीकडे तर दुसऱ्याला उजवीकडे दिसतो. मी मधला मार्ग काढते. कागद माझ्याकडे ठेवते, एकेक वाक्य मी मोठ्यानं म्हणते आणि माणूस ते आपल्या तोंडानं म्हणतो. त्यात त्यानं एखादा शब्द बदलला तर बदललेला ठेवते.

पंचगंगा काठ
त्यात तुमचा सूर त्यांच्या बोलण्यात उतरतो, हे मी बऱ्याच व्हिडिओंत ऐकलंय. वाक्य संपताना सगळ्यांचा आवाज एकाच पट्टीत खाली येतो. मला ते पटत नाही.

कातरीवाली
तो धोका आहे खरा. सपाट सुरात म्हणायचा प्रयत्न करते, पण दर वेळी जमतंच असं नाही.

रंकाळ्याचा वारा
आज गुऱ्हाळावर जाऊन आलो. १६० शब्दांची स्क्रिप्ट ताईंच्या पद्धतीनं वाक्यावाक्यानं म्हणून घेतली, मग काकांनी सलग तीन वेळा म्हटली. वेळा ८८, ८७ आणि ८७ सेकंद. हिशोबानं ८१ यायला हवे होते ना? कुठे चुकलं?

आणखी एक. "आधी जाळ घालत हुतो" इथे काका तिन्ही वेळा अडखळले.

टाइमलाइन भाऊ
गॅप मोजल्यास का? मी आधी हे चालवतो, कुठे किती शांतता आहे ते सेकंदासकट कळतं:

```
ffmpeg -i take3.wav -af silencedetect=noise=-35dB:d=0.4 -f null -
```

गुऱ्हाळावर चरकाचं इंजिन चालू असेल तर -35 वर काहीच सापडणार नाही, कारण तिथे शांतता अशी नसतेच. मग -25 करून बघ.

रंकाळ्याचा वारा
-25 वर सापडलं. मोठी गॅप एकच, गोळी बोटात असतानाची, दीड सेकंदाची. ती तर ठेवायचीच आहे. बाकी सगळ्या अर्ध्या सेकंदाच्या आसपास.

कातरीवाली
चूक माझ्या हिशोबात आहे, आणि ती जवळजवळ दर वेळी होते. मिनिटाला ११८ हा वेग जुन्या मजकुराचा होता. त्यात "जी काही सगळी", "हे जे", "आणि मग तो" असे पळते शब्द भरपूर होते. ते आपण काढले. उरलेल्या प्रत्येक शब्दाला वजन आहे, आणि वजनदार शब्द माणूस सावकाश बोलतो. १६० शब्दांना ८७ सेकंद म्हणजे मिनिटाला ११०. मजकूर घट्ट झाला की वेग उतरतो. मी तुला आधीच १६१ ऐवजी १५० सांगायला हवं होतं.

काकांना "जरा भरभर बोला" असं मात्र सांगू नकोस. तसं सांगितलं की ते शब्दांचे शेवट गिळतील, आणि "हुतंय", "येतीय", "हाय" यांतलं कोल्हापूर सगळं त्या शेवटांतच आहे.

अडखळण्याबद्दल: एकदा अडखळले तर ते चुकून, तिन्ही वेळा एकाच जागी अडखळले तर ते शब्द त्यांचे नाहीत. मूळ गप्पांत ते काय म्हणाले होते?

रंकाळ्याचा वारा
थांबा, ऐकतो.

"आधी चुलवाणावर हुतो" असं म्हणालेत.

शिरोळकर
बरोबरच आहे. चुलवाणावर असणं म्हणजेच जाळ घालणं. गुऱ्हाळावरच्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही.

कातरीवाली
मग तेच घे. एक शब्द कमीच झाला, पण तो हिशोबात धरू नकोस. त्यांना सवयीचं वाक्य मिळालं, हा खरा फायदा.

आता पाच सेकंद काढायचेत. शेवटी ढेपांचं काही आहे का? मागे दिलेल्या तुकड्यांत नव्हतं.

रंकाळ्याचा वारा
आहे. "ढेप तीस किलोची असतीय, दहाची असतीय, पाचची असतीय, आता एक किलोचीबी निघालीय." बारा शब्द. टेकवर मोजलं तर बरोबर ६ सेकंद. हे काढलं की ८१ वर येतो. पण हे वाक्य अगदी काकांचं आहे, "असतीय, असतीय" म्हणताना त्यांचा हात प्रत्येक ढेपेवर पडतो. वडिलांचा उल्लेख गेला, आता हेही गेलं तर काका उरतात कुठे?

कातरीवाली
ढेपा चित्रात दिसणार आहेत, एकीशेजारी एक, लहान-मोठ्या. मी सुरुवातीला जो नियम सांगितला त्यानं हे वाक्य जायला पाहिजे. मी काढीन. हात ढेपांवर पडतानाचं चित्र ठेव, आवाज काढ, नुसता इंजिनाचा आवाज राहू दे.

टाइमलाइन भाऊ
आता माझं ऐक, भावा. सुरुवातीला मी चुकलो, १२४ वरून ८२ वर स्पीडनं जाता येत नाही. पण आता ८७ वरून ८२ वर यायचंय. म्हणजे १.०६. एवढा फरक कानाला जाणवत नाही. एडिटरमध्ये पट्टी तशीच ठेवायचा पर्याय असतो तो चालू ठेव, नाहीतर आवाज किंचित बारीक होतो. एकही शब्द न काढता बसतंय.

कातरीवाली
१.०६ ला माझा मोठा विरोध नाही. फक्त जिथे काका बोलताना समोर दिसतात तिथे नको. घोटतानाचा हात किंवा काहिलीतली उकळी सहा टक्क्यांनीही पळाली तर रोज बघणाऱ्या माणसाला खटकते. जिथे नुसता आवाज आहे आणि चित्र दुसरं आहे तिथे चालेल. पण तसं केलंस तर सगळे पाच सेकंद निघत नाहीत, कारण काका निम्म्याहून जास्त वेळ समोर आहेत. आणि एकाच माणसाचा आवाज एका वाक्यात १.०६ आणि पुढच्यात साधा ठेवलास तर जोडावर कान लावून ऐक.

शिरोळकर
मला विचाराल तर ढेपांचं वाक्य ठेवा आणि पहिली "पस्तीस वर्षं झाली काहिलीवर" ही ओळ पाटीवर घाला, नावाखाली. तिथं ती वाचली जाईल.

रंकाळ्याचा वारा
शिरोळकर दादा, पण मग पहिलं वाक्य "आधी चुलवाणावर हुतो" असं सुरू होणार. कशाच्या आधी?

शिरोळकर
मग तेबी काढा. सुरुवात "जाळ बारीक ठेवायचा" पासून करा. गुळव्या काहिलीपाशी उभा राहिला की पहिलं तेच बोलतो.

कातरीवाली
हे मला सुचलं नव्हतं. पण वेळ मोजा. त्या दोन वाक्यांना मिळून किती लागतात?

रंकाळ्याचा वारा
मोजलं. चार सेकंदांना थोडे कमी, आणि त्यांच्यामागचा श्वास धरून साडेचार. म्हणजे ८२ आणि वर अर्धा सेकंद. नावाची पाटी ३ ऐवजी अडीच सेकंद ठेवली तर बसतं, पण पाटीवर आता एक ओळ वाढलीय.

उपशीर्षकवाली
मोठ्या स्क्रीनवर उभ्यानं वाचणाऱ्याला अडीच सेकंदांत नाव आणि वर्षं दोन्ही वाचून होतील, पण वर्षं आकड्यांत लिहा. "३५ वर्षं काहिलीवर". "पस्तीस" अक्षरांत लिहिलं तर वाचायला जास्त वेळ लागतो. बोलताना त्याच्या उलट असतं, आकडा कसाही लिहिला तरी तोंडाला तेवढाच वेळ लागतो.

रंकाळ्याचा वारा
दोन्ही आवृत्त्या जोडून बघतो. एकीत ढेपांचं वाक्य नाही, दुसरीत सुरुवात नाही. उद्या काकांच्या घरी दाखवतो. त्यांची सून म्हणाली होती की कुठली मामांची वाटतीय ते मी एका वाक्यात सांगते.